पहिला मेसेज: माणूस की जाहिरात?

...हां, माईक लागला. तर विषय तुम्हाला माहितीये, अनोळखी माणसाचा पहिला मेसेज आला की तो खराय का जाहिरात, हे कसं ओळखायचं. पाच कसोट्या सांगेन असं पत्रकात छापलंय, ते मी छापलेलं नाही.

आमचं काम तसं साधं. मराठी टायपिंग अडलं की लोक आम्हाला लिहितात आणि आम्ही चार-पाच जण संध्याकाळी उत्तरं देतो. त्या इनबॉक्सला एक फिल्टर लावलेलाय, तो कुणी बनवला ते विचारू नका, पण माझी तक्रार त्याच्यावरच आहे. मागे एका शिक्षिकेचा मेसेज आलेला: फोनवर 'दऱ्या', 'तऱ्हा' असले शब्द लिहिताना अर्धा र चुकीचा उमटतो, प्रश्नपत्रिका उद्या द्यायचीये, कृपया अर्जंट कॉल करा. आता यात जाहिरात कुठे दिसते तुम्हाला? फिल्टरला दिसली! दोन दिवस बाई कचऱ्यात पडून, आणि त्याच दिवशी 'अतिशय उपयुक्त उपक्रम, आपल्या टीमचं मनःपूर्वक अभिनंदन' असं लिहिणारे एक सद्गृहस्थ थेट आत, खाली वजन कमी करायच्या चूर्णाची लिंक. (हसू नका, चूर्ण तुमच्यापैकी कुणी मागवलं असेल तर नंतर भेटा.)

हे का होतं ते सांगतो. पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने २००२ साली मांडलेली पद्धत बऱ्याच फिल्टरांच्या मुळाशी आहे. प्रत्येक शब्द आधीच्या मेलमध्ये जाहिरातीत किती आणि खऱ्यात किती आला, त्यावरून त्याला गुण द्यायचे. मग सगळ्यात ठळक १५ शब्द घ्यायचे, त्यांचा एकत्र हिशेब करायचा आणि ०.९ च्या वर गेलं की स्पॅम. कधीच न दिसलेल्या शब्दाला तो ०.४ देतो, म्हणजे थोडासा निर्दोष समजतो. आता आमच्या फिल्टरने आयुष्यभर इंग्रजीच वाचलेलं. बाईंचे मराठी शब्द त्याला सगळेच अनोळखी, ओळखीचे फक्त दोन, 'अर्जंट' आणि 'कॉल', तेही त्यांनी रोमन लिपीत टाकलेले. त्या दोघांना ०.९९ धरा. तेरा अनोळखी शब्द आणि हे दोन, हिशेब केला की उत्तर येतं साधारण ०.९८. स्पॅम! एकच शब्द असता तर तेच ०.२५ च्या आसपास आलं असतं, बाई सुटल्या असत्या. म्हणजे निकाल मराठीने लागतच नाही, मध्ये पडलेल्या दोन इंग्रजी शब्दांनी लागतो. घाईत असलेला खरा माणूस नेमका असंच लिहितो हो, वर नंबरही देतो.

आणखी एक गंमत. तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, `ऱ` हे अक्षर घेऊन. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे `U+200D`, हे न दिसणारं जोडचिन्ह. स्पॅमवाले न दिसणारी चिन्हं शब्दांत घुसवून फिल्टरला चकवतात, म्हणून काही फिल्टर अशी चिन्हं दिसली की कान टवकारतात. आमचा त्यातलाच. त्यामुळे बाईंचं शुद्धलेखनच त्यांच्या अंगाशी आलं. बरं, चिन्ह सरसकट पुसूनही चालत नाही, दऱ्यांचा दर्या होतो. हलन्तानंतर आलं तर सोडून द्या, रोमन अक्षरांच्या मधे आलं तर संशय घ्या, एवढं पुरतं.

किती मिनिटं? दोन? बापरे. बरं, पाच कसोट्यांपैकी एकच धरा. मेसेज जसाच्या तसा दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी चिकटवून पाहा. 'उपयुक्त उपक्रम, अभिनंदन' हे भजनी मंडळालाही चालेल आणि गॅस एजन्सीलाही. बाईंचा अर्धा र आमच्याशिवाय कुणाला चालणार नाही. मेसेज या जागेला किती चिकटलाय ते बघायचं, शुद्धलेखन नि सभ्यपणा नाही बघायचा, कारण जाहिरातवाले आपल्यापेक्षा सभ्य लिहितात.

यात खोट आहेच. काही जण जुना खरा प्रश्न उचलून पाठवतात, तो जागेला चिकटतोच, त्यासाठी मजकुराचा एखादा तुकडा आपल्या जुन्या मेसेजांत शोधायचा. काही पहिला मेसेज अगदी स्वच्छ पाठवतात आणि लिंक तिसऱ्यात. म्हणून नव्या माणसाच्या पहिल्या काही मेसेजांतल्या लिंका आम्ही अडवतो, माणसाला नाही. शंका आली की 'कुठला फोन, कुठला कीबोर्ड?' एवढं विचारतो. मशीन गप्प बसतं किंवा पुन्हा अभिनंदन करतं. पैसे देऊन बसवलेला माणूस मात्र उत्तर देतो, तिथे आमचं काही चालत नाही, लिंक अडवलेली असते तेवढंच.

उरलेल्या चार कसोट्या चहाला. हो, समोशांची लिंक पाठवलीये, ती खरी आहे.