त्याच थ्रेडमध्ये उत्तर द्यावं, की नवा मेल लिहावा?

नमस्कार मंडळी. फोंड्यातली एक हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. एप्रिल महिना आहे, आणि जूनचा पाऊस सुरू व्हायच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकायचं आहे. चिटणीस सभासदांच्या ग्रुप पत्त्यावर मेल पाठवतात. विषय: 'गच्ची वॉटरप्रूफिंग: कोटेशन'. दर, हमी, काम किती दिवसांत होणार यावर दहा-बारा उत्तरं येतात, आणि मूळ मेल व ही उत्तरं मिळून एक थ्रेड, म्हणजे एकच सलग संभाषण, तयार होतं. मध्येच कुणीतरी कंत्राटदाराला Cc मध्ये घेतं. मग एक सभासद शेवटच्या मेलवर 'रिप्लाय ऑल' दाबून विचारतो, 'चवथीच्या वर्गणीचं काय ठरलं? या महिनाअखेर रक्कम नक्की करूया का?'

प्रश्न रास्त आहे, पण चुकीच्या जागी पडलेला आहे. ज्या सभासदांनी गच्चीची चर्चा नको म्हणून जीमेलमध्ये ते संभाषण Mute केलं असेल, त्यांच्या इनबॉक्समध्ये ग्रुपवरून आलेला हा प्रश्न दिसतच नाही. महिनाअखेर वर्गणी ठरते आणि ते म्हणतात, 'आम्हांला कुणी विचारलंच नाही.' विचारलं होतं, पण गच्चीच्या पोटात. पुढच्या वर्षी नवे खजिनदार `subject:वर्गणी` असं शोधतील तेव्हाही हाती काही लागणार नाही, कारण विषयाच्या ओळीत वर्गणी हा शब्दच नाही. आणि सोसायटीच्या घरगुती हिशेबाशी काडीचा संबंध नसलेला कंत्राटदार मात्र तो मेल वाचतो.

हे असं का होतं, ते समजून घेऊ. तुम्ही 'रिप्लाय' दाबता तेव्हा मेलच्या माथ्यावर, एरवी न दिसणाऱ्या भागात, काही ओळी आपोआप लिहिल्या जातात. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतलं Show original निवडलं, की त्या दिसतात:

```
Message-ID: <c3@example.org>
In-Reply-To: <b2@example.org>
References: <a1@example.org> <b2@example.org>
```

पहिली ओळ म्हणजे या मेलचा स्वतःचा क्रमांक. हे उत्तर कोणत्या मेलला आहे ते दुसरी सांगते, आणि तिसरी आधीची सगळी साखळी सांगते. (तिथेच Subject पुढे मराठी विषयाऐवजी `=?UTF-8?B?` असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका. देवनागरी अक्षरं पाठवण्यासाठी केलेलं ते संकेतन आहे.) तुम्ही मजकूर काय लिहिता याच्याशी या ओळींना देणंघेणं नसतं. 'रिप्लाय' दाबलं की साखळी जोडली गेली.

म्हणूनच रिप्लाय दाबून फक्त विषय बदलण्याची युक्ती अर्धीच चालते. जीमेल विषय बदलला की संभाषण तोडून वेगळं दाखवतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला वाटतं, काम झालं. पण थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम साखळी पाहून मांडणी करतात. तिथे वर्गणीचा मेल नवा विषय घेऊनही गच्चीच्या फांदीखालीच लटकलेला असतो, आणि ती फांदी मिटून ठेवलेल्या माणसाला तो दिसत नाही. समोरचा काय वापरतो हे तुम्हांला ठाऊक नसतं. त्यामुळे विषय खरोखर नवा असेल तर Compose दाबून कोरा मेल उघडा. पत्ते पुन्हा घालायला अर्धा मिनिट जातो, पण कुणाला हा मेल जायला हवा याचा विचारही त्याच अर्ध्या मिनिटात होतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. बरेच जण विषयापुरताच विचार करतात: विषय तोच आहे ना, मग त्याच थ्रेडमध्ये लिहा. माझ्या मते विषयाआधी माणसं पाहावीत. आपल्याच सोसायटीत, कंत्राटदार यायच्या आधी, समितीच्या पाच जणांनी आपसांत लिहिलेलं असतं: 'तो ३ लाख २० हजार म्हणतोय, आपली तयारी २ लाख ८० हजारांपर्यंत, अगदीच अडला तर ३ लाख.' मग चिटणीस त्याच मेलला उत्तर देताना कंत्राटदाराचा पत्ता Cc मध्ये घालून नम्रपणे लिहितात, 'दर थोडा कमी करावा.' लिहिताना खालचा जुना मजकूर जीमेलने तीन टिंबांआड मिटलेला असतो, म्हणून चिटणिसांना तो दिसत नाही. कंत्राटदार ती टिंबं दाबतो आणि ३ लाखांचा आकडा वाचतो. घासाघीस तिथेच संपली. विषय गच्चीचाच होता, तरी कंत्राटदारासाठी कोरा मेलच हवा होता. बाहेरचा माणूस आत येतो तिथे नवा मेल, हे मी डोळे मिटून पाळायला सांगेन.

उलट चूकही तितकीच महागात पडते. कंत्राटदार दर बदलून ३ लाख ५ हजारांवर येतो, पण जुन्या मेलला उत्तर न देता 'नवीन कोटेशन' असा वेगळा मेल पाठवतो. काही सभासद जुन्या थ्रेडमध्ये ३ लाख २० हजारांवरच वाद घालत राहतात, काही नव्यात होकार देतात. दर कोणता मंजूर झाला, हे सभेत इतिवृत्त लिहिताना कुणालाच सांगता येत नाही. इथे जुन्याच मेलला उत्तर हवं होतं, कारण नवा आकडा आधीच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. शंका आली की स्वतःला एवढंच विचारा: वरचे मेल पुसून टाकले तर माझा मेल समजेल का? समजत नसेल आणि वाचणारी माणसं तीच असतील, तर रिप्लाय.

मधली अवस्था अशी येते की एका चर्चेतून दुसरी फुटते. गच्चीवर बोलताना कळतं, की पाण्याची टाकीही गळते. टाकीचा खर्च वेगळा, निर्णय वेगळा, मुदत वेगळी. तेव्हा कोरा मेल उघडा, 'पाण्याची टाकी: गळती, पाहणी १२ मेपूर्वी' असा विषय द्या. ओळखीचा शब्द सुरुवातीलाच ठेवा, कारण मोबाईलवर विषयाचं शेपूट कापलं जातं. पहिल्या दोन ओळींत संदर्भ लिहा: 'गच्ची वॉटरप्रूफिंगच्या २८ एप्रिलच्या मेलमध्ये टाकीचा उल्लेख आला, त्यासाठी हा वेगळा मेल.' मग जुन्या थ्रेडमध्ये जाऊन एक ओळ टाका: 'टाकीबद्दल यापुढे "पाण्याची टाकी: गळती" या मेलमध्ये लिहावं.' बहुतेक लोक हे दुसरं टोक बांधायला विसरतात, आणि मग अर्धी उत्तरं जुन्याच जागी येत राहतात.

जोडलेल्या फाइल्सचं मात्र वेगळं लक्षात ठेवा. रिप्लायमध्ये आधीच्या मेलची पीडीएफ पुढे जात नाही, फॉरवर्डमध्ये जाते. नव्या मेलमध्ये 'सोबतचा टाकीचा फोटो पाहा' म्हणताना तो पुन्हा जोडावा लागतो.

आणि एखाद्या थ्रेडमध्ये विषय व माणसं तीच राहिली तरी शंभरच्या पुढे मेल गेले, की जीमेल स्वतःच त्याचे दोन तुकडे करतं. तिथवर पोहोचण्याआधीच, काय ठरलं आणि काय उरलं हे चार ओळींत लिहून 'गच्ची वॉटरप्रूफिंग: काम सुरू, उरलेले मुद्दे' असा नवा मेल चिटणिसांनी काढावा.