रिकाम्या जागेच्या अलीकडचा शब्द

नमस्कार मंडळी. नाशिकच्या मराठी शिक्षकांसमोर बोलायचं म्हटल्यावर माझीच एक चूक घेऊन आलो आहे. कंसात मूळ शब्द द्यायचा, त्याचं योग्य रूप करून रिकामी जागा भरायला सांगायचं, हा प्रश्न आपण सगळेच काढतो. मीही वर्षानुवर्षं काढला. एकदा सातवीच्या पेपरात मी लिहिलं होतं: ‘तिच्या ____मुळे शेजारच्या मुलांचे शिक्षण झाले. (उदार)’ उत्तरसूचीत एकच उत्तर: औदार्य. एका मुलीनं ‘उदारपणा’ लिहिलं, मी शून्य दिला. दुसऱ्या दिवशी तिची आई वही घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, ‘सर, उदारपणामुळे, यात चुकलं काय?’ काहीच चुकलं नव्हतं. चूक माझ्या वाक्यात होती.

‘उदार’पासून नामं तीन होतात, आणि गंमत अशी की तिघांचं लिंग वेगळं. औदार्य नपुंसकलिंगी, उदारता स्त्रीलिंगी, उदारपणा पुल्लिंगी. आता वाक्य थोडं बदलून फळ्यावर लिहितो: ‘तिचे ____ सगळ्यांना ठाऊक आहे.’ इथे औदार्य बसतं. ‘तिची’ केलं की उदारता, ‘तिचा’ केलं की उदारपणा. मुलाला वाट दाखवणारा शब्द रिकाम्या जागेच्या अलीकडे उभा आहे, कंसात नाही. आणि मी काय केलं होतं? पुढे ‘मुळे’ लावून ‘तिच्या’ लिहिलं. तिथे लिंग झाकलं जातं: औदार्यामुळे, उदारतेमुळे, उदारपणामुळे, तिन्ही बरोबर.

शिवाय ‘मुळे’ जोडून दिलं की मुलाला सामान्यरूपही करावं लागतं. ‘औदार्यमुळे’ लिहिणाऱ्या मुलाला नाम आलेलं असतं, सामान्यरूप चुकलेलं असतं. त्याचे सगळे गुण कापले तर आपण नक्की कशाची परीक्षा घेतली? म्हणून नाम करता येतं का एवढंच तपासायचं असेल तर जागेला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटवू नका.

चुकांमध्येही फरक असतो. ‘तिचे उदार’ लिहिणाऱ्याला इथे नाम हवं हेच कळलेलं नाही. ‘तिचे उदारता’ लिहिणाऱ्याला ते कळलंय, लिंग जुळवलेलं नाही. मी त्याला अर्धा गुण देतो. तिसरी चूक ‘तिचे औदार्यता’, आणि ही आपल्या भाषणांत, लग्नपत्रिकांतसुद्धा सापडते: सौजन्यता, ऐक्यता, सौंदर्यता. उदारमधला ‘उ’ वाढून ‘औ’ झाला, शेवटी ‘य’ लागला, तिथेच नाम तयार झालं. मधुरचं माधुर्य, धीरचं धैर्य, चतुरचं चातुर्य तसंच. त्यावर पुन्हा ‘ता’ लावणं म्हणजे टोपीवर टोपी.

हे झालं संस्कृतातून आलेल्या शब्दांचं. अस्सल मराठी शब्द असे शिस्तीत चालत नाहीत. आपलं नाशिकचं ‘गोड’ घ्या. द्राक्षांचा गोडवा, द्राक्षांची गोडी. ‘गोडता’ कुणी म्हणत नाही. त्यात अभ्यासाची गोडी लागते, गोडवा लागत नाही. म्हणजे इथे लिंगाबरोबर अर्थही बघावा लागतो. गारचा गारवा, थंडचा थंडावा, ओल्याचा ओलावा. कोणाला कोणता प्रत्यय लागेल याचं सूत्र मला तरी सापडलेलं नाही. असे शब्द मुलांनी ऐकलेले असले तरच द्यावेत.

क्रियाविशेषणाची अडचण जागेची आहे. ‘त्याने ____ मदत केली. (उदार)’ तुमचं उत्तर ‘उदारपणे’. पण मुलगा ‘उदार’ तसंच ठेवून मदतीचं विशेषण केल्याचं म्हणाला तर? त्याला खोडता येणार नाही. जागा सरकवा: ‘त्याने मदत ____ केली.’ क्रियापदाला खेटून आलं की विशेषण तिथे टिकत नाही. ‘औदार्याने’, ‘उदारतेने’ मात्र अजूनही चालतील. ती उत्तरसूचीत आधीच लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा कुणाची तरी आई यायची.

पेपर छापायला देण्याआधी मी आता एक गोष्ट करतो. तयार वाक्य घरात कुणालाही कंसासकट देतो आणि मनात येतील तेवढी उत्तरं लिहायला सांगतो. बायकोनं दोन लिहिली की दोन्ही सूचीत जातात, तीन लिहिली की वाक्य बदलतो. चला, वही काढा. ‘गोदावरीच्या पुराची ____ सकाळी जाणवली. (तीव्र)’ आधी किती उत्तरं येतात ते मोजा. मग ‘पुराची’च्या जागी ‘पुराच्या’ लिहा, जागेला ‘मुळे’ जोडा, शेवट ‘रस्ते बंद झाले’ असा करा, आणि पुन्हा मोजा.