गेम मध्येच थिजतो? बायोस अपडेट करण्याआधी हे बघून घ्या

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका लक्षणापासून करतो, कारण तुमच्यापैकी काहींनी ते नक्की अनुभवलेलं असेल.

गेम मस्त चालू आहे, फ्रेमरेट १४० च्या आसपास आहे, आणि अचानक सगळंच थिजतं. माऊस हलत नाही, हेडफोनमध्ये आवाज एकाच जागी अडकून टर्र्र करतो, आणि सेकंद-दीड सेकंदाने गेम पुन्हा आधीसारखा सुरू होतो. दिवसातून एकदा-दोनदाच होतं. त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलून बघितला की दोन तास वाटतं, झालं ठीक. आणि मग पुन्हा तेच.

रायझनच्या मशीनवर हे होत असेल तर त्यामागे एक ठरावीक कारण असू शकतं, आणि ते एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतः मान्य केलेलं आहे.

[पडद्यावर: मदरबोर्डचा जवळून शॉट, बायोसच्या चिपवर बोट]

ही आठ पायांची बारकी चिप बघा. बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्रॅम, हिच्यात राहतो. रायझन प्रोसेसरच्या आत एफटीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग असतो. तोही आपल्या नोंदी याच चिपमध्ये ठेवतो. ही फ्लॅश मेमरी अतिशय संथ. काही मशीनवर एफटीपीएमचा या चिपशी चाललेला व्यवहार लांबायचा आणि तेवढा वेळ अख्खी सिस्टीम खोळंबायची. गेम बिचारा त्यात भरडला जायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली, तिला टीपीएम २.० हवं होतं, आणि एफटीपीएम हे त्याचंच प्रोसेसरमधलं रूप, म्हणून लोकांनी बायोसमध्ये जाऊन एफटीपीएम चालू केलं आणि तक्रारी वाढल्या. पण दोष विंडोज ११ पुरता नव्हता, विंडोज १० वरही तो दिसत होता.

यावरचा उपाय बायोसमधूनच येणार होता. एएमडी जो मूळ कोड बोर्ड बनवणाऱ्यांना देते त्याला अजेसा म्हणतात. AGESA 1.2.0.7 या आवृत्तीत ही दुरुस्ती आली, आणि ती असलेले बायोस मे २०२२ पासून मिळायला लागले. ज्याला हा त्रास आहे त्याच्यासाठी बायोस अपडेटने गेम खरंच सुधारतो. मात्र सरासरी फ्रेमरेट एकानेही वाढणार नाही. जाईल तो फक्त हा झटका.

आता आपला झटका हाच आहे हे ओळखायचं कसं? फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेक फ्रेम तयार व्हायला किती वेळ लागला याचा, आलेख चालू ठेवा. या दोषात रेघ सपाट असते आणि मधेच एकच उंच सुळका येतो. दुसरी खूण म्हणजे आवाज आणि माऊस दोन्ही अडकतात, आणि गेम बंद करून नुसतं डेस्कटॉपवर काम करतानाही ते कधीतरी होतं. नवीन खोलीत शिरलात किंवा पहिला स्फोट झाला की गेम अडखळतो, आवाज मात्र नीट चालू राहतो, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा गेलात की काहीच होत नाही, तर ते शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे ग्राफिक्स कार्डचे छोटे प्रोग्रॅम, तयार होण्याचं काम आहे. त्याला बायोस काही करू शकत नाही. आणि अर्ध्या तासाने फ्रेमरेट खाली येऊन खालीच राहत असेल, तर आधी कूलर आणि धूळ बघा.

लक्षण जुळलं? मग Windows आणि R दाबा, `msinfo32` लिहा आणि BIOS Version/Date ही ओळ बघा. माझ्या टेबलावरच्या या बी-४५० बोर्डवर, ज्यात रायझन ५ ३६०० आहे, तारीख २०२१ ची दिसतेय. आता बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डच्या पानावर जाऊन प्रत्येक आवृत्तीखालची टीप वाचायची. 1.2.0.7 किंवा त्यापुढचा अजेसा कुठे लिहिलाय ते शोधायचं. बोर्डचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, आणि त्याचा रिव्हिजन नंबरही. तो बोर्डवरच छापलेला असतो. शेवटच्या एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळा बोर्ड, वेगळी फाइल.

अपडेटच्या आधी एक काम आहे आणि ते मी कुणालाही टाळू देणार नाही. ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन, चालू असेल तर त्याची किल्ली टीपीएममध्ये असते. पुष्कळ लॅपटॉपवर आणि काही तयार पीसीवर ते तुमच्या नकळत चालू असतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

पहिल्या ओळीत Protection On दिसलं तरच दुसरी चालवा. आणि रिकव्हरी की `aka.ms/myrecoverykey` वरून कागदावर उतरवून घ्या. फोटो चालेल, पण त्याच मशीनवर ठेवलेला फोटो काही कामाचा नाही.

मग बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचे मोबाईलवर फोटो काढा. रॅमचं प्रोफाइल, पंख्यांच्या सेटिंग, बूटचा क्रम, सगळं. पेन ड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट करून फाइल त्यात टाका आणि बायोसमधल्याच फ्लॅशच्या साधनातून अपडेट करा. विंडोजमध्ये चालणाऱ्या अपडेटरने मी करत नाही. मागे दहा प्रोग्रॅम चालू असताना ही चिप लिहायला घेणं मला पटत नाही. पीसी यूपीएसवर हवा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि चिप अर्धवट लिहिली गेली तर बोर्ड चालूच होणार नाही. मागच्या बाजूला प्रोसेसरशिवाय बायोस भरायचं बटण असेल तर त्यातून सुटका होते, पण जुन्या स्वस्त बोर्डांवर ते बहुधा नसतं.

[पडद्यावर: फ्लॅशची पट्टी सरकतेय]

ही पट्टी सरकतेय तोवर चिपसेट ड्रायव्हरचं बोलून घेऊ.

हे पॅकेज म्हणजे विंडोजला बोर्डवरच्या भागांची ओळख करून देणारं सामान. एकदा नीट बसलं की नवी आवृत्ती टाकून बहुतेक मशीनवर एकही फ्रेम वाढत नाही. दर महिन्याला ते शोधत बसायची गरज नाही. दोन प्रसंग मात्र असे आहेत जिथे त्याने खरा फरक पडला.

पहिला ऑक्टोबर २०२१ चा. विंडोज ११ वर रायझनमध्ये दोन दोष एकदम निघाले. एकात प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीला, म्हणजे एल-३ कॅशला, लागणारा वेळ वाढला होता, तो विंडोजच्या KB5006746 अपडेटने गेला. दुसऱ्यात प्रोसेसरमधला सर्वात वेगवान कोअर कोणता हे विंडोजला कळत नव्हतं, आणि त्याची दुरुस्ती चिपसेट ड्रायव्हरच्या 3.10.08.506 मध्ये आली. एएमडीनेच सांगितलं होतं की त्यातल्या कॅशच्या दोषाने काही ईस्पोर्ट्स गेममध्ये १० ते १५ टक्के फटका बसू शकतो.

दुसरा प्रसंग आजही लागू आहे. रायझन ९ ७९५०एक्स३डी मध्ये १६ कोअर असतात, आणि जास्तीची कॅश त्यातल्या आठांवरच असते. गेम त्या आठांवर जावा म्हणून उरलेले आठ झोपवावे लागतात. ते काम चिपसेट ड्रायव्हर, गेम मोड आणि एक्सबॉक्स गेम बार मिळून करतात. गेम बार नको म्हणून काढून टाकला असेल तर ही साखळी तुटते. तपासणं सोपं आहे. गेम चालू असताना रिसोर्स मॉनिटरमध्ये CPU चं पान उघडा, अर्ध्या कोअरवर Parked लिहिलेलं दिसायला हवं. ७८००एक्स३डी मध्ये आठच कोअर आहेत आणि कॅश सगळ्यांना आहे, म्हणून त्याला ही भानगड नाही.

फ्लॅश झालं. आता पडदा काळा आहे. इथे घाबरून बटण दाबू नका. बोर्ड रॅम नव्याने ओळखतोय, मिनिट-दोन मिनिटं लागू शकतात, आणि मधे एकदा आपोआप रीस्टार्टही होतो.

[पडद्यावर: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं]

हे वाचा. fTPM NV corrupted असं म्हणतोय आणि Y किंवा N विचारतोय. सगळ्यांनाच हे येत नाही, पण आलं की लोक घाईत Y दाबतात. Y म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या. बिटलॉकर असेल आणि रिकव्हरी की हातात नसेल, तर डेटा गेला. बिटलॉकर असेल तर N दाबा. नसेल तर Y ने बिघडत नाही.

विंडोज उघडली. टास्क मॅनेजर, मेमरी, स्पीड. बघा, २४००! अपडेटआधी इथे ३२०० होतं. फ्लॅश केल्यावर सगळ्या सेटिंग मूळ जागी येतात आणि रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल बंद होतं. या प्रोसेसरमध्ये आतल्या जोडणीचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणून फटका दुहेरी. नव्या बायोसने फ्रेमरेट पाडला असं म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा. परत बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी लावा, मघाचे फोटो बघून बाकी सेटिंगही हातानेच भरा. जुन्या बायोसची सेव्ह केलेली प्रोफाइल नव्यात चढवू नका. प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा रिसायझेबल बार वापरत असाल तर तोही तपासा. आणि बिटलॉकर थांबवलं असेल तर हे:

```
manage-bde -protectors -enable C:
```

आता ज्यांचं मशीन विनातक्रार चालतंय त्यांच्यासाठी. बोर्डच्या पानावर नवीन बायोस दिसतोय आणि टिपेत फक्त नव्या प्रोसेसरला सपोर्ट दिल्याचं लिहिलंय. तो प्रोसेसर तुम्ही घेणार नसाल, तर हात लावू नका. बीटा लिहिलेलं असेल तर अजिबातच नको. आणि काही बोर्डांवर पुढे गेलात की मागे परतता येत नाही, हे टिपेतच लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

याला अपवाद इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा, खासकरून आय७ आणि आय९ चा. तिथे तक्रार नसली तरी अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे ते प्रोसेसर हळूहळू खराब होत होते. इंटेलने २०२४ मध्ये आधी 0x129 आणि मग 0x12B हे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, दिले आणि ते बायोसमधून येतात. यात फ्रेमरेट वाढणार नाही, पण प्रोसेसरची झीज थांबेल. मात्र आधीच झालेली झीज भरून येत नाही. अनरिअल इंजिनचे गेम पुरेशी व्हीरॅम असूनही Out of video memory म्हणत बंद पडत असतील आणि अपडेटनंतरही ते थांबलं नाही, तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा. बॉक्समध्ये येणाऱ्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने याच कारणासाठी दोन वर्षांनी वाढवलेली आहे.

[पडद्यावर: टास्क मॅनेजर, स्पीड ३२००]

हा बोर्ड आता ३२०० वर आहे. फ्रेमटाइमचा आलेख मी चालूच ठेवतोय, आणि तुम्हीही निदान तीन-चार दिवस ठेवा. दिवसातून एकदा येणारा सुळका तासाभराच्या खेळात दिसला नाही म्हणून तो गेला असं धरता येत नाही.