पांढरा ड्रेस घ्यायच्या आधी कापड ओलं करून पाहा

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला की आपल्या नागपूरच्या कपडा मार्केटमधे पांढऱ्याला गिऱ्हाईक वाढते, एक तर ऊन असं की गडद रंग अंगावर नको वाटतो, आणि दुसरं म्हणजे 14 एप्रिल. संविधान चौकात, दीक्षाभूमीवर पांढऱ्या साड्या, पांढरे ड्रेस घालून बाया येतात. आणि यातल्याच कितीतरी जणी दिवसभर ओढणी सावरत असतात, पाठमोरं उभं राहायचं टाळतात, कारण कपड्यातून आरपार दिसते का याची धाकधूक. तर आज त्याच्यावरच बोलू.

माझ्या भाचीचंच घ्या. तिनं गांधीबागेतून अडीच मीटर पांढरं मलमल आणलं, दुकानात चांगलं जाडसर वाटलं म्हणे. घरी मला दाखवायला आली तर मी दोन बोटांत धरून चोळलं, बारीक पांढरी भुकटी झडली. ही खळ. नव्या सुती कापडाला खळ असते, ती धाग्यांच्या मधल्या फटी भरून काढते, म्हणून कापड भरीव दिसते, आणि पहिल्या धुण्यात ती निघून गेली की खरं कापड समोर येते. म्हणून दुकानात आधी चोळून पाहायचं. मग कापडाच्या एकाच थराखाली हात घालून दुकानाच्या बाहेर, उजेडात यायचं. आतल्या ट्यूबलाइटखाली पाहून काही कळत नाही. बोटांची कड आणि नखं वेगवेगळी ओळखू आली तर ते कापड अस्तराशिवाय चालणार नाही, नुसता हात असल्याचा अंदाज येत असेल तर कुर्त्याला चालून जाते, सलवारला तरीही नाही, कारण ऊन मागून आलं की पायांचा आकार दिसतोच.

आता नागपूरसाठी यापेक्षा महत्त्वाची टेस्ट म्हणजे पाण्याची. दुकानदाराकडून हातभर चिंधी मागा, ओली करा, पिळा आणि मनगटावर ठेवा. कोरडं कापड पांढरं दिसते ते धाग्यांमधल्या हवेमुळे, उजेड त्या धाग्यांवर आदळून इकडेतिकडे पसरतो. हवेच्या जागी पाणी शिरलं की उजेड तेवढा पसरत नाही, सरळ आत जातो आणि खालची चामडी दिसायला लागते. घामानं नेमकं हेच होते बाप्पा! सकाळी घरून निघताना आरशात सगळं ठीक असते आणि दुपारी पाठीवर, कंबरेवर ड्रेस चिकटतो, तिथेच पारदर्शक होतो. भाचीचं मलमल ओलं केलं तर मनगटावरचा तीळ दिसला. ती म्हणे, "मावशी, आता हे परत करू का?" मी म्हटलं, "परत काहून करते, मलमल उन्हाळ्यासाठी छानच आहे, फक्त त्याला अस्तर लाव." अस्तरही सुतीच, कॅम्ब्रिकचं घेतलं, कारण त्याची वीण घट्ट असते. पॉलिस्टरचं अस्तर स्वस्त मिळते पण एप्रिलच्या दुपारी ते घालून चौकात उभं राहून दाखवा.

शिवायला टाकायच्या आधी दोन्ही कापडं रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवायची, हे टाळू नका. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, अडीच मीटरमागे 10 सेंटीमीटरपर्यंतही जाऊ शकते, आणि वरचं एक आटलं, अस्तर दुसरं आटलं की शिवणीला सुरकुत्या येतात, मग टेलरला बोलून काय उपयोग.

आत काय घालायचं यावर बहुतेक जणी चुकतात. पांढऱ्याखाली पांढरं, असं आपल्याला वाटते. पण पांढरी ब्रा किंवा स्लिप चामडीपेक्षा जास्त उजेड परत फेकते, म्हणून वरच्या पातळ कापडातून तिचा पट्टा अन् पट्टा मोजता येतो. आपल्या चामडीच्या रंगाजवळचं घातलं की कड उठत नाही. दुकानात ज्याला स्किन कलर म्हणतात तो एकच फिकट गुलाबी रंग असतो, तो आपल्यातल्या निम्म्याजणींच्या चामडीचा नसतोच, तर हात शेजारी ठेवून तपकिरी, कॉफी, जो जुळेल तो घ्या. पांढऱ्या पँटला खिसे असतील तर टेलर मास्टरला आधीच सांगा की आतली खिशाची पिशवीही चामडीच्याच रंगाच्या कापडाची लावा, नाहीतर मांडीवर दोन पांढरे चौकोन दिसतात. आणि सलवारची नाडी पांढरीच, लाल नाडी फार लांबून कळते.

आता डाग. आपल्याकडे डाग म्हणजे तर्री. पोह्यावरची असो की सावजीची, त्यात तेल आहे आणि हळद आहे, आणि या दोघींचा इलाज वेगळा आहे. पडल्या पडल्या चोळू नका, चोळलं की तेल धाग्यात आत जाते. टिश्यूनं टिपा, मग त्यावर बेसन नाहीतर टाल्कम पावडर पंधराएक मिनिटं राहू द्या, तेल ओढून घेते, ती झटका. घरी आल्यावर डागावर भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, हलक्या हातानं, आणि साध्या पाण्यानं धुवा. यानंतर कपड्याच्या साबणात टाकलं की पिवळा डाग एकदम लालसर होतो आणि इथे बायांचा जीव जातो, वाटते गेला ड्रेस. काही गेलेला नाही. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, साबणात अल्कली असते, हळदीत चुना घातला की कुंकू होते तोच प्रकार. चांगलं खळबळून साबण काढला की परत पिवळा होईल. मग तो ओला कपडा सरळ उन्हात टाका, डागाची बाजू वर. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आपल्या दुपारी एकदोन दिवसांत फिका पडत पडत जातो. फक्त त्यावर रंगीत भरतकाम असेल तर ते झाकून ठेवा, तेही उडेल. आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको, तेल उरलेलं असेल तर गरमीनं ते पक्कं बसते.

पाळीचा डाग असेल तर गरम पाणी अजिबात नको, रक्त गरमीनं धाग्याला घट्ट धरते, थंड पाण्यात लगेच भिजवा.

बगलेतले पिवळे डाग मात्र एका दिवसात होत नाहीत. घाम रोखणाऱ्या रोलऑनमधे ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते आणि घाम मिळून कापडात साचत जातात. रोलऑन पूर्ण सुकल्यावरच ड्रेस घाला, आणि आल्यावर ड्रेस खुंटीला न टांगता त्याच रात्री पाण्यातून काढा. पिवळेपणा आलाच तर क्लोरीनवालं ब्लीच ओतू नका, घामाचे डाग त्यानं आणखी पिवळे पडतात. ऑक्सिजन ब्लीच म्हणून पावडर मिळते, पाकिटावर लिहिलंय तेवढी कोमट पाण्यात विरघळवून दोनेक तास भिजवा. फार जुना डाग असेल तर फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

राहिली नीळ. ती डाग काढत नाही, फक्त पिवळसर झाक झाकते, म्हणून डाग गेल्यावरच शेवटच्या पाण्यात, आणि आधी वाटीभर पाण्यात मिसळून मग बादलीत, थेट कपड्यावर पडली तर निळे ठिपके काढत बसावं लागते.