पोलादाचं जहाज तरंगतं, मग खिळा का बुडतो?

[दृश्य : कसबा पेठ, तांबट आळी. ठोक्यांचा आवाज.]

पुण्याच्या तांबट आळीत सकाळपासून हा ठोका ऐकू येतो. तांब्याचा सपाट पत्रा ठोकून ठोकून घंगाळ तयार होतं. त्यात धातू वाढत नाही, वजनही वाढत नाही. पण पत्रा पाण्यात सोडला तर तळाला जातो, आणि त्याच पत्र्याचं घंगाळ पाण्यावर डुलत राहतं. तांबं तर पोलादापेक्षाही जड. मग त्या हातोडीनं नेमकं काय बदललं?

[दृश्य : वाड्याचं अंगण. पाण्यानं भरलेली बादली, स्टीलचा डबा, तराजू, खिळे.]

हे बघायला बंदरावर जायला नको, एक बादली पुरे. बोहरी आळीतून आणलेला हा साडेतीन इंची खिळा. वजन साधारण 8 ग्रॅम. पाण्यात गेल्यावर तो जेमतेम एक मिलिलिटर पाण्याची जागा घेतो, आणि एवढ्या पाण्याचं वजन असतं एक ग्रॅम. पाणी त्याला तेवढंच वर ढकलतं. उरलेले सात ग्रॅम त्याला खाली नेतात.

आता हा डबा. उभ्या कडांचा, सपाट बुडाचा. व्यास 14 सेंटिमीटर, उंची 7. वजन 154 ग्रॅम, म्हणजे जवळपास 19 खिळ्यांइतकं. तो अलगद पाण्यावर ठेवू या.

[दृश्य : डब्याच्या बाहेरच्या बाजूला पाण्याची रेघ. जवळून.]

तो फक्त एक सेंटिमीटर बुडाला आणि थांबला. एकच का? एक सेंटिमीटर खोलीवर पाणी दर चौरस सेंटिमीटरला एक ग्रॅम वजन पेलेल इतकं दाबतं. डब्याच्या बुडाचं क्षेत्रफळ 154 चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे खालून 154 ग्रॅमचा आधार मिळाला, आणि डब्याचं वजनही नेमकं तेवढंच.

खिळ्याच्या खालूनही पाणी दाबतंच की! पण त्याच्या वरही पाणी असतं, आणि ते खाली दाबतं. दोन्हींतला फरक उरतो एका ग्रॅमचा. डब्याच्या कडा पाण्याला आत येऊच देत नाहीत, त्यामुळे वरून दाबायला पाणीच नाही. तांबटाच्या हातोडीनं हेच केलं: पत्र्याला कडा दिल्या. जहाजाच्या पोलादी भिंती तेच काम करतात, फक्त फार मोठ्या मापावर.

[दृश्य : डब्यात एकेक खिळा ठेवणारा हात.]

आता माल चढवू. दर 19 खिळ्यांना डबा साधारण एक सेंटिमीटर खाली जातो. खिळे सगळीकडे सारखे पसरायचे, हे महत्त्वाचं. हिशेबानं 115 खिळे मावतात. मग पाणी काठाला टेकतं. ज्या खिळ्याला पाणी एकटं पेलू शकत नव्हतं, तसे 115 खिळे ते आता पेलतंय.

पण बादलीला साधा धक्का लागला तरी एक लाट आत येईल. आत आलेलं पाणी वजन वाढवतं, डबा आणखी खाली जातो, अजून पाणी येतं. म्हणून कोणतंही जहाज काठापर्यंत भरत नाहीत. त्याच्या बाजूवर भार-रेषा रंगवलेली असते, प्लिमसोल रेषा. ब्रिटनमध्ये 1876 च्या कायद्यानं ती सक्तीची झाली. रेषा पाण्याखाली गेली, की माल जास्त झाला.

[दृश्य : सगळे खिळे एका बाजूला सरकतात. डबा कलंडतो.]

आणि हे पाहा. डब्यातले सगळे खिळे नुसते एका बाजूला सरकवले. वजन तेच, पण एक काठ पाण्याला लागला आणि सगळं संपलं. जहाजाच्या डेकवर शिरलेलं पाणी असंच वागतं: जहाज ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला ते धावतं, आणि झुकणं आणखी वाढतं. 1987 मध्ये बेल्जियमच्या झेब्रुख बंदरातून निघालेल्या ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ या फेरीचे पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं आणि काही मिनिटांत ती कलंडली. 193 माणसं गेली. पोलाद तेच होतं, कडाही शाबूत होत्या. पाणी आत आलं होतं.

[दृश्य : डबा पुन्हा भरलेला, तरंगता. बादलीच्या आतल्या बाजूला खडूची खूण.]

आता एक कोडं, घरी करून बघायचं. 115 खिळ्यांनी भरलेला डबा तरंगतोय. पाण्याच्या पातळीवर खूण केली. आता सगळे खिळे काढून बादलीतच टाकायचे, आणि रिकामा डबा पुन्हा तरंगत ठेवायचा. पातळी वाढेल की घटेल?

डब्यात असताना त्या खिळ्यांनी स्वतःच्या वजनाइतकं, म्हणजे 920 मिलिलिटर पाणी बाजूला सारलं होतं. तळाशी गेल्यावर ते फक्त आपल्या आकाराएवढं, साधारण 120 मिलिलिटर पाणी सारतात. जवळजवळ 800 मिलिलिटरचा फरक.

[दृश्य : खिळे तळाशी स्थिरावतात. कॅमेरा खुणेकडे.]

28 सेंटिमीटर व्यासाच्या या बादलीत पाणी खुणेच्या 1.3 सेंटिमीटर खाली आलं आहे.