पंचवीस हजारांचा हप्ता आणि पाच लाखांचे कवच

श्रोतेहो, नमस्कार. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत विम्याचा एखादा बाँड असतो. तो घेताना सांगितलेली गोष्टही घरात सर्वांना पाठ असते: वर्षाला पंचवीस हजार भरायचे, माणूस गेला तर कुटुंबाला पैसे आणि राहिला तर वीस वर्षांनी स्वतःलाच पैसे. एंडोमेंट, म्हणजे मुदतीअखेर रक्कम परत देणारी पॉलिसी, ती हीच. यात फसवणूक नसते आणि ठरलेले पैसे मिळतातही. ते किती आणि कशाच्या बदल्यात मिळतात, हे आज एकाच उदाहरणातून पाहू.

समजा, सांगलीतला तीस वर्षांचा एक शिक्षक पाच लाख रुपये विमा रकमेची, वीस वर्षे मुदतीची पॉलिसी घेतो. हप्ता वर्षाला 25,000 रुपये धरू, म्हणजे वीस वर्षांत तो एकूण पाच लाख भरेल. अशा पॉलिसीवर कंपनी दरवर्षी बोनस जाहीर करते. तो दर हजार रुपये विमा रकमेमागे सांगितला जातो. आपण 44 रुपये धरू, म्हणजे वर्षाला 22,000. वीस वर्षांचा बोनस 4 लाख 40 हजार, त्यात विमा रक्कम पाच लाख, असे 9 लाख 40 हजार रुपये मुदतीअखेर हाती येतात. पाच भरले आणि नऊ-साडेनऊ मिळाले, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले, असे वाटते. पण पैसे वीस वर्षांत थोडेथोडे भरले गेले आहेत, हे लक्षात घेऊन व्याजाचा दर काढला, तर तो वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या जरासा खालीच भरतो.

असे का होते? मुख्य कारण बोनसच्या स्वरूपात आहे. सर्वसाधारण पॉलिसीत हा बोनस विमा रकमेवर मोजला जातो, साठलेल्या बोनसवर पुन्हा बोनस मिळत नाही. पहिल्या वर्षी जाहीर झालेले 22,000 रुपये कंपनीच्या वहीत तुमच्या नावावर लिहिले जातात आणि विसाव्या वर्षीही ते 22,000च असतात. तेच 22,000 सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये, आजच्या 7.1 टक्के दराने एकोणीस वर्षे राहिले असते, तर सुमारे 81,000 झाले असते. चक्रवाढ लांबच्या मुदतीत खरे काम करते आणि नेमकी तीच इथे बोनसला लागू होत नाही.

दुसरे कारण खर्चाचे आहे. पारंपरिक पॉलिसींत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा विक्रेत्याच्या कमिशनला जातो आणि पुढच्या हप्त्यांतूनही थोडा थोडा जात राहतो. त्याशिवाय जोखमीचा खर्च आणि कार्यालयीन खर्च असतो. उरलेल्या निधीचा किमान निम्मा भाग नियमानुसार सरकारी व तत्सम मान्यताप्राप्त रोख्यांत गुंतवावा लागतो. ते सुरक्षित आहे आणि योग्यही आहे. पण मग रोख्यांइतक्या उत्पन्नातून हे सर्व खर्च वजा झाल्यावर हाती किती उरणार, हे उघड आहे.

आता त्याच 25,000 रुपयांची दुसरी मांडणी करू. शुद्ध मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, फक्त मृत्यूची जोखीम घेतो आणि मुदत संपल्यावर काहीही परत देत नाही. तंबाखू न घेणाऱ्या, प्रकृती ठीक असलेल्या या शिक्षकाला 50 लाखांचे संरक्षण वर्षाला सुमारे 6,000 रुपयांत मिळते, असे धरू. उरलेले 19,000 दरवर्षी पीपीएफमध्ये टाकले आणि पंधरा वर्षांनंतर खाते पाच वर्षांनी वाढवले, तर दर 7.1 टक्केच राहिला असे मानून विसाव्या वर्षी साधारण 8 लाख 43 हजार होतात. ही रक्कम एंडोमेंटपेक्षा लाखभराने कमी आहे, हे मी लपवणार नाही. पण त्या लाखाच्या बदल्यात संरक्षण पाच लाखांऐवजी पन्नास लाख होते. संरक्षण पाच लाखच ठेवायचे असेल, तर ‘सरल जीवन बीमा’सारख्या साध्या मुदत विम्याचा हप्ता दोन हजार धरा आणि उरलेले 23,000 पीपीएफमध्ये टाका. मग 10 लाख 20 हजारांच्या आसपास जमतात. सारख्याला सारखे तोलले, की पारडे कुठे झुकते ते असे दिसते. शेअर बाजाराशी निगडित इंडेक्स फंडात काही भाग ठेवला तर रक्कम वाढण्याची शक्यता असते, पण तिथे हमी नाही, म्हणून त्याचा आकडा मी या तुलनेत घेत नाही.

आणि हा शिक्षक आठव्या वर्षी अपघातात गेला तर? एंडोमेंटमधून विमा रक्कम आणि तोपर्यंतचा बोनस मिळून 6 लाख 76 हजार मिळतील. घरखर्च महिन्याला तीस हजार असेल, तर हे पैसे दोन वर्षेही पुरत नाहीत. मुलगा तेव्हा कदाचित पाचवीत असेल. या पॉलिसीचा सर्वांत मोठा दोष मला परताव्यात दिसत नाही, तो इथे दिसतो. हप्ता जड असल्यामुळे माणूस संरक्षण अगदी लहान घेतो आणि तरीही आपला विमा आहे, या समाधानात राहतो.

मनी-बॅकचे गणित फार वेगळे नाही. नमुना म्हणून पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षी विमा रकमेच्या वीस-वीस टक्के रक्कम परत येते, ती एक-एक लाख रुपये. त्या बदल्यात हप्ता जास्त असतो. आलेला चेक बहुधा दुचाकी किंवा घरातल्या कार्यात खर्च होतो, त्यामुळे तो वाढायला कुठेच राहत नाही.

मुदत विम्याचे पैसे वाया जातात, असे अनेक जण म्हणतात. दुचाकीच्या विम्याचे पैसे अपघात झाला नाही म्हणून वाया गेले, असे आपण मानत नाही. मात्र या मार्गाची एक अट आहे: उरलेले 19,000 खरोखर दरवर्षी भरले गेले पाहिजेत. हप्त्याची सक्ती नसेल तर पैसे भरलेच जाणार नाहीत, अशी ज्याला स्वतःबद्दल खात्री आहे, त्याने पगाराच्या खात्यातून पैसे आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला द्यावी. तसेच मुदत विमा घेताना आजार, तंबाखू, दारू यांबद्दल प्रस्ताव अर्जात खरेच लिहावे, कारण दावा नाकारला जाण्याची बरीच प्रकरणे तिथूनच सुरू होतात.

शेवटी, ज्यांची पॉलिसी आधीच चालू आहे त्यांच्यासाठी. घाईने ती मोडू नका. याच शिक्षकाने सहा हप्ते भरून थांबायचे ठरवले, तर पॉलिसी ‘पेड-अप’ होते: विमा रक्कम वीसपैकी सहा हप्त्यांच्या प्रमाणात दीड लाखावर येते, त्यात सहा वर्षांचा बोनस 1 लाख 32 हजार मिळतो आणि हे 2 लाख 82 हजार मुदतीअखेर हाती येतात. पण पुढचे चौदा हप्ते भरले तर 9 लाख 40 हजार मिळतात. म्हणजे त्या चौदा हप्त्यांच्या बदल्यात 6 लाख 58 हजार जास्त, आणि त्यांचा दर सुमारे आठ टक्के पडतो, पीपीएफपेक्षा अधिक. परतावा कमी ठेवणारा बराचसा भाग सुरुवातीच्या वर्षांतच भोगून झालेला असतो. म्हणून दोनतीनच हप्ते झाले असतील, तर कंपनीकडून पेड-अप मूल्य आणि समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी आत्ताच मोडली तर मिळणारी रक्कम, लेखी मागवून हाच हिशेब करा. अर्धी मुदत उलटली असेल तर पॉलिसी चालू ठेवून, त्याशिवाय स्वतंत्र मुदत विमा घेणे बहुतेकांना सोयीचे जाईल.