मधला आकडा

[दृश्य: एका दगडी कमानीचे फोटो एकापाठोपाठ एक सरकतात. चौकट हलत नाही, माणसं मात्र बदलत राहतात.]

एका दगडी कमानीचे हे २५ फोटो. कुणी पायऱ्यांवर बसलंय, कुणी खांबाला टेकून फोटो काढून घेतंय, दाराशी एका सहलीचा घोळका आहे. मोकळी कमान यातल्या एकाही फोटोत नाही. आणि हा सव्विसावा फोटो. कमान तीच, ऊन तेच, माणूस जवळजवळ एकही नाही. हा फोटो कॅमेऱ्याने कधी काढलेलाच नाही, तो आधीच्या २५ फोटोंतून हिशेबाने निघाला आहे. 'जवळजवळ' का म्हटलं, तेही पुढे येईल.

[दृश्य: कमानीच्या डाव्या खांबावर झूम. एकच पिक्सेल, मोठा केलेला.]

खांबावरचा हा एक ठिपका घ्या. समजायला सोपं जावं म्हणून सध्या नऊच फोटो धरू. प्रत्येक फोटोत या ठिपक्याचा उजेड शून्य ते २५५ यांमधल्या एका आकड्यात नोंदलेला असतो. आपल्या नऊ फोटोंत तो असा आहे: १८२, १८४, ६१, १८३, १८१, २४०, १८३, ९५, १८२. यातला ६१ म्हणजे समोरून गेलेला काळा कोट, ९५ म्हणजे कुणाची तरी बॅग आणि २४० म्हणजे पांढरी छत्री. उरलेले सहा आकडे दगडाचे. ते १८२च्या आसपासच घुटमळतात, कारण दगड कुठे जात नाही.

सरासरी काढली तर येते साधारण १६६. हा आकडा दगडाचाही नाही आणि कोटाचाही नाही, दोघांची भेसळ आहे. सरासरीने केलेल्या फोटोत माणसं जात नाहीत, त्यांची धुरकट भुतं होतात, ती त्यामुळेच. आता तेच नऊ आकडे शाळेतल्या मुलांना उंचीप्रमाणे रांगेत लावावं तसे लावा आणि बरोबर मधला, पाचवा उचला. तो येतो १८२. निखळ दगड. कोट ६१ ऐवजी ५ असता तरी उत्तर बदललं नसतं, कारण रांगेच्या टोकाला कोण किती दूर आहे याच्याशी मधल्याला देणंघेणं नसतं. हाच मध्यक. प्रत्येक ठिपक्यासाठी, लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तिन्ही रंगांत वेगवेगळा, तो काढत गेलं की गर्दी गळून पडते.

[दृश्य: डागेरने टिपलेला बुलेव्हार दु ताँप्ल, १८३८.]

रस्ता रिकामा करायची ही इच्छा नवी नाही. कधीकधी तर तो न मागताच रिकामा व्हायचा. पॅरिसमधला हा रहदारीचा रस्ता फोटोग्राफीचा एक आद्य संशोधक डागेर याने १८३८ मध्ये टिपला. प्रकाश साठायला काही मिनिटं लागत, त्यामुळे चालत्या माणसांची आणि गाड्यांची नोंदच झाली नाही. कोपऱ्यात एक माणूस मात्र दिसतो. तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. आजही लेन्सवर प्रकाश अडवणारा गडद एनडी फिल्टर लावून लांब एक्स्पोजर घेतात, त्यातही असंच घडतं. पण तिथे प्रकाशाची बेरीज होत जाते, म्हणजे स्वभाव सरासरीचाच. एखादा पांढरा सदरा जरा रेंगाळला की पांढरा ओरखडा उमटतो. मध्यकात तो उमटत नाही. पॉलिशवाल्या गिऱ्हाइकाची अडचण मात्र मध्यकालाही सुटलेली नाही.

अट एकच आहे, पण तिच्यात सवलत नाही. ती जागा निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळी दिसली पाहिजे. गर्दी असेल तर फोटो वाढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

[दृश्य: कमानीवर गर्दीचा रंगीत नकाशा. वर निळा, पायऱ्यांवर पिवळा, दाराशी लाल.]

समजा, पायऱ्यांवरची एखादी जागा दर दहा क्षणांतले तीन क्षण माणसांनी झाकलेली असते. नऊ फोटो घेतले तर अशा शंभरातल्या दहाएक जागा बिघडतील. पंधरा घेतले तर पाच, आणि पंचवीस घेतले तर दोनहून कमी. इथे फोटो वाढवून फायदा झाला. दाराशी मात्र दहातले सहा क्षण कुणी ना कुणी असतंच. तिथे नऊ फोटोंत शंभरातल्या ७३ जागा बिघडतात आणि पंचवीस फोटोंत जवळपास ८५. फोटो जितके जास्त, तितका मध्यकाचा गर्दीवरचा विश्वास पक्का. हा हिशेब सगळे कपडे दगडाहून गडद आहेत असं धरून केलाय. अर्धी माणसं गडद आणि अर्धी पांढऱ्या कपड्यांत असतील तर ती रांगेच्या दोन्ही टोकांना वाटली जातात आणि दगड मधे तग धरतो. पण त्या भरवशावर कुणी फोटो काढायला जाऊ नये.

म्हणून किती फोटो घेतले, यापेक्षा दोन फोटोंत किती वेळ जाऊ दिला, हे मी आधी विचारेन. एक कुटुंब पायऱ्यांवर ४० सेकंद उभं राहतं. दर सेकंदाला एक असे २५ फोटो घेतले तर ते कुटुंब सगळ्यांत असू शकतं. मग ते फोटो मोजायला २५, उपयोगाला एक. दर १५ सेकंदांनी एक फोटो घेतला तर तेच कुटुंब फार तर तिघांत येतं. आपल्या कमानीचे फोटो असेच, ठरावीक वेळाने आपोआप शटर दाबणारा इंटरव्हलोमीटर लावून घेतले आहेत. सहा मिनिटांत काम झालं.

[दृश्य: ट्रायपॉडवरचा कॅमेरा, मॅन्युअलवर फिरवलेली डायल.]

बाकीची तयारी एकाच हेतूने करायची: दगडाचा आकडा फोटोगणिक बदलू नये. एक्स्पोजर ऑटो ठेवलं तर पांढऱ्या कपड्यांचा घोळका आला की कॅमेरा फोटो गडद करतो, आणि खांबाचे १८२ चे १६० होतात. म्हणून शटर, अपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, सगळं आधीच ठरवून टाकायचं. फोकसही मॅन्युअल, नाहीतर तो जवळून जाणाऱ्या चेहऱ्यावर उडी मारतो. सूर्य ढगाआड गेला असेल तेव्हाचे फोटो सरळ बाजूला काढायचे.

सहा मिनिटांत सावली सरकेल, त्याचं काय? लांब सावलीचं टोक तेवढ्यात वीत-दीड वीत सरकू शकतं. गंमत अशी की सरासरीत त्या पट्ट्याचा धूसर उतार होतो, पण मध्यकात सावलीची कड रेखीव राहते. ती येते मधल्या, म्हणजे तेराव्या फोटोत जिथे होती तिथे. त्याआधी किंवा नंतर झाकलेला प्रत्येक ठिपका उजेडाच्या तरी बाजूला पडतो किंवा अंधाराच्या.

[दृश्य: संगणकाचा पडदा.]

फोटोशॉपमध्ये File > Scripts > Statistics उघडून Median निवडायचं. ImageMagick असेल तर एक ओळ पुरते, फक्त तिथे तिन्ही रंग वेगवेगळे न धरता उजेडाच्या रांगेतला मधला अख्खा ठिपका उचलला जातो:

```
magick *.tif -evaluate-sequence median mokla.tif
```

फोटो विषम संख्येत ठेवलेले बरे. सम असतील तर मधले दोन आकडे उरतात, आणि त्यांची सरासरी घेतली गेली तर भेसळ पुन्हा मागच्या दाराने आत येते. ट्रायपॉड जरासा हलला असेल तर आधी फोटो एकमेकांवर नीट बसवून घ्यावे लागतात, नाहीतर कोरीव कामाच्या कडा मऊ पडतात.

[दृश्य: सव्विसावा फोटो. हळूहळू दाराकडे झूम.]

आता त्या 'जवळजवळ'कडे येऊ. वरून पाहिलं तर फोटो स्वच्छ आहे. दाराशी गेलं की मात्र तुकडे दिसतात. बाहीचा एक भाग आहे, हात नाही. दगडावर हिरवट-जांभळे कण आहेत, जे मूळच्या एकाही फोटोत नव्हते, कारण मध्यकाने लाल रंग एका फोटोतून घेतला आणि हिरवा दुसऱ्यातून. अशी फाटलेली जागा म्हणजे गर्दी आणि दगड यांची तिथे जवळपास बरोबरी झाली.

डोळ्यांवर भिस्त न ठेवता हे शोधायचं असेल तर विषम क्रमांकांच्या फोटोंचा एक मध्यक काढा, सम क्रमांकांचा दुसरा, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून दोघांतला फरक दाखवणारा Difference हा ब्लेंड मोड लावा. जिथे दोघांचं एकमत आहे तिथे काळं दिसतं. दाराशी मात्र डाग चमकतात.

या चाचणीला पायऱ्यांच्या उजव्या टोकाला बसलेला पहारेकरी सापडत नाही. तो सहा मिनिटं हललाच नाही, त्यामुळे दोन्ही मध्यकांत तो तितकाच ठाशीव आहे आणि फरक शून्य. फोटोत आधीपासून असलेला पुतळा वाटावा इतका. त्याला हिशेबाने घालवता येत नाही. ट्रायपॉड तसाच ठेवून तो उठेपर्यंत थांबायचं, आणखी थोडे फोटो घ्यायचे आणि तेवढा कोपरा त्यांतून मास्कने, म्हणजे वरच्या फोटोचा हवा तेवढाच भाग दिसू देऊन, आणायचा.

दाराचंही तसंच. २५ फोटोंत संपूर्ण दार एकदाही मोकळं नाही, पण सातव्या फोटोत उंबरठ्याची डावी बाजू मोकळी आहे आणि एकोणिसाव्यात उजवी. दोन्ही तुकडे मास्कने रंगवून बसवले.

[दृश्य: दाराचा ठिगळ लावलेला भाग आणि शेजारचा खांब, खूप मोठे केलेले.]

ठिगळ रंगाला जुळलं, तरी नजरेला खटकतं. कारण नॉइज, म्हणजे फोटोतला रवाळपणा. २५ फोटोंच्या मध्यकात तो जवळपास एक चतुर्थांश उरतो, तर ठिगळ एकाच फोटोतून आलेलं असल्यामुळे तिथे तो पूर्ण आहे. गुळगुळीत खांबाशेजारी दाराचा दगड वाळूसारखा रवाळ दिसतो. ठिगळाचा नॉइज फार कमी केला तर दगडाचा पोतच पुसला जातो. म्हणून ठिगळ थोडंच मऊ केलं, आणि बाकीच्या सगळ्या फोटोवर बारीक दाणा पसरवला, दार आणि खांब सारखे दिसेपर्यंत.